साइट रिपोर्टमध्ये काय पाहिलं, काय मोजलं आणि काय सुचवलं हे वेगळं कसं ठेवायचं?

प्रश्न: इन्स्पेक्शन रिपोर्ट लिहिताना सगळं एकाच परिच्छेदात मिसळतं, सर म्हणतात पुन्हा लिहा. कसं लिहू?

मिसळतं ते बहुतेक एखाद-दुसऱ्या शब्दामुळे. मागे इंदूरला एका तीन मजली घरात भिंतीला तडा होता आणि आमच्या ज्युनिअरने लिहिलं, "पाया खचल्यामुळे मोठा तडा, लगेच दुरुस्ती करा." आता पाया खचलेला त्याने पाहिला नव्हता ना, तो अंदाज होता आणि "मोठा" हे काही माप नाही.

आम्ही ते असं बदललं. निरीक्षण नि-४: पहिला मजला, पूर्वेची भिंत, खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून तिरका तडा, फोटो ११. बस, कारण नाही लिहायचं. माप मा-४: रुंदी ०.६ मिमी, क्रॅक गेजने, जमिनीपासून ७० सेमी उंचीवर, तारीख आणि वेळ. जागा लिहायलाच हवी कारण तडा सगळीकडे सारखा रुंद नसतो, दुसरा माणूस भलतीकडे गेज लावेल आणि तुमचं माप चुकीचं ठरेल. त्याच जागी भिंतीवर पेन्सिलने खूण पण करून या.

कारणाचा अंदाज वेगळ्या रकान्यात, "शक्यता" म्हणून. मग शिफारस शि-४: नि-४ आणि मा-४ वरून, तड्यावर काचेची पट्टी चिकटवून दर आठवड्याला बघा, फुटली तर तडा हलतोय, मग पायाची तपासणी. ज्या शिफारशीला मागचा नंबर देता येत नाही ती मी सरळ काढून टाकतो.