‘पायाळू’ आणि ‘ब्रीच’

प्रश्न : “वहिनीला सदतिसावा आठवडा लागला आहे. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ब्रीच’ लिहिले आहे, आजी म्हणते मूल पायाळू आहे. दोन्हींचा अर्थ एकच ना? आणि डॉक्टर ‘बाळ फिरवून बघू’ म्हणतात, ते काय?”

अर्थ अगदी एकच नाही. ‘पायाळू’ हे जन्मानंतर चिकटणारे विशेषण आहे. ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, आणि त्याची लाथ बसली की भरलेली पाठ सुटते ही समजूत त्याला जन्मभर पुरते. ‘ब्रीच’ म्हणजे पोटातल्या बाळाचे डोके वर आणि कुल्ले किंवा पाय खाली. दिवस भरत आलेल्या दर शंभर बाळांपैकी तीन-चार अशी असतात, पण त्यांतील बहुतेकांचे पाय गुडघ्यात सरळ राहून तोंडाजवळ गेलेले असतात, म्हणजे ती ‘पायाळू’ नसतातच. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण पाऊल खाली असेल तर पाणमोट फुटताच नाळ निसटण्याची भीती असते आणि तेव्हा नैसर्गिक प्रसूतीचा बेत सहसा करत नाहीत.

‘फिरवणे’ हे सुईणीचे पोट चोळणे नव्हे. सिझेरियनची सोय हाताशी ठेवून, बाळाचे ठोके तपासून, गर्भाशय सैल करणारे इंजेक्शन देऊन डॉक्टर पोटावरूनच कुल्ले ओटीपोटातून वर उचलतात आणि बाळाला कोलांटी घ्यायला लावतात. नंतर ठोके पुन्हा तपासतात. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचे इंजेक्शनही देतात. वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, पाणमोट फुटली असेल किंवा ठोके बिघडलेले असतील तर फिरवत नाहीत.

समजा वहिनीची ही दुसरी खेप आहे, पहिली प्रसूती नैसर्गिक झाली होती, बाळाभोवती पाणी पुरेसे आहे आणि कुल्ले अजून ओटीपोटात रुतलेले नाहीत. अशा बाईत साधारण दहांपैकी सहा वेळा बाळ फिरते, पहिलटकरणीत चार वेळा. दुखते, आणि सुमारे दोनशेंत एकीला तातडीचे सिझेरियन लागते, हे आधी सांगायलाच हवे.

बाळ फिरलेच नाही तर दोन वाटा उरतात. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेनुसार बाळ दगावण्याचे प्रमाण ३९ आठवड्यांनंतरच्या नियोजित सिझेरियनमध्ये दोन हजारांत एक, तर ठरवून केलेल्या नैसर्गिक ब्रीच प्रसूतीत हजारी दोन आहे. डोके खाली असलेल्या बाळाच्या नैसर्गिक प्रसूतीत हजारी एक. सिझेरियनची बाजू इथे उघडच वरचढ दिसते. मात्र गर्भाशयावरचा व्रण पुढच्या गरोदरपणांत जोखीम वाढवतो, म्हणून आणखी मुले हवी आहेत का हा प्रश्न त्याच बैठकीत निघायला हवा. नैसर्गिक प्रसूतीचा बेत केला तरी दहांतल्या चौघींना ऐनवेळी सिझेरियन करावे लागते. बाळाची मान मागे ताणलेली असेल, वजन ३.८ किलोंपेक्षा जास्त भरत असेल किंवा अशा प्रसूतीचा हात बसलेला डॉक्टर नसेल, तर तो बेत मुळात करूच नये, असे माझे मत.

तेव्हा रिपोर्टवरच्या ‘ब्रीच’ या शब्दावर न थांबता पाय कसे आहेत, मान कशी आहे आणि वार कुठे आहे, हे वहिनीने डॉक्टरांना विचारावे.