फेरन फिटिंगला देऊ नका

"श्रीनगरहून लोकरीचा फेरन, म्हणजे तिकडचा लांब झगा आणलाय, गळ्यावर तिल्ल्याचं जरीकाम आहे. पण खांदे फारच खाली येतात आणि बाह्या अतिशय रुंद आहेत. टेलरकडून फिट करून घेऊ का?"

नका करू प्लीज, वाचून पोटात गोळाच आला. नवऱ्याच्या बदलीमुळे मी श्रीनगरमध्ये दोन हिवाळे काढलेत. पहिल्या सुट्टीत पुण्याला आले तेव्हा एका बुटिकमध्ये माझा फेरन दिला, त्यांनी खांदे कापून नीट बसवले, बगलेत दोन्हीकडून दोन-दोन इंच आत घेतलं आणि बाह्या कुर्त्यासारख्या केल्या. आरशात छान दिसला. परत गेले तेव्हा चिल्लई कलान चालू होतं, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस, सगळ्यात कडक थंडीचे. शेजारच्या काकूंनी कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी हातात दिली आणि मला हात आतच घेता येईनात!

फेरन आपल्या कोटासारखा अंगाबरोबर बसायला शिवलेलाच नसतो. अंगाचं कापड सरळ कापलेलं, खांद्याला आकार नाही, बाही दंडावर जोडलेली आणि बगल एवढी सैल की कोपर दुमडून अख्खा हात आत ओढता येतो. मग रिकाम्या बाह्या लोंबतात आणि आत पोटाजवळ दोन्ही हातांनी कांगडी धरायची, ऊब तंबूत कोंडल्यासारखी राहते. पूर्वापार पद्धतीत आत तशाच कापाचा पातळ सुती पूच घालतात, लोकर मळत नाही आणि धुवायला तोच काढायचा. माझ्या कापलेल्या फेरनात पूच बगलेत गोळा व्हायचा.

त्याहून वाईट म्हणजे मनगटावरचा तिल्ला. ही जरीची तार कापडातून आरपार जात नाही, वरच ठेवून बारीक सुती दोऱ्याने टाके घालून धरलेली असते. उलटं करून बघा, मागे फक्त दोरा दिसेल. बुटिकवाल्यांनी बाही अरुंद करताना नक्षीतूनच कात्री चालवली आणि पैसे घेताना अवाक्षर बोलले नाहीत. महिन्याभरात कापलेल्या टोकापासून तार उसवत गेली. कारागिराने बघून सांगितलं, आता नवीन पट्टीच लावावी लागेल. अजून राग जात नाही.

हे माझ्या फेरनाबद्दल, हल्ली रॅगलान बाह्यांचे, कोटासारखे पण मिळतात, त्यांचं वेगळं असेल. लांबी जास्त वाटत असेल आणि घेरावर काम नसेल तर न कापता आत दुमडून हातशिलाई करा, एवढंच. तिल्ल्यावर थेट इस्त्री नको, उलट्या बाजूने सुती कापड ठेवून हलकी फिरवा. आणि हौस म्हणून बंद खोलीत कांगडी पेटवू नका, कोळशाचा धूर घातक असतो.

खांदे खाली येतात ते बरोबरच आहे. घालून दोन्ही हात आत घेऊन बघा, सहज गेले तर माप अगदी योग्य आहे.