गोळी उजवीकडे खाली जाते: दोष हाताचा की वाऱ्याचा?

"एनसीसी कॅडेट आहे. ५० मीटरवर माझे शॉट सारखे उजवीकडे खाली जातात. सर म्हणतात, ट्रिगर झटकतेस. झेंडे बघू की मिराज? स्पॉटिंग स्कोप कोणता घेऊ?"

हेच वाक्य ऐकून मी एका कॅम्पच्या टीममधून बाहेर पडले होते. "पोरगी घाबरते, झटका देते." आणि घाबरत होतेच, म्हणून मला ते खरंही वाटलं.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये रेंजवर एक निवृत्त सुभेदारसाहेब रेंज ऑफिसर होते. माझं टारगेट बघून त्यांनी एवढंच विचारलं, "गोळी सुटली तेव्हा झेंडा कुठं होता?" मला सांगता येईना. त्यांनी स्कोप माझ्या डोळ्याजवळ आणला, आधी टारगेटवर फोकस केला आणि मग चाक किंचित मागे फिरवलं. टारगेट जरा धूसर झालं, पण मधली हवा ओढ्याच्या पाण्यासारखी डावीकडून उजवीकडे वाहताना दिसली. हाच मिराज.

"आता मार पाच." पाचही घड्याळातल्या चारच्या बाजूला गेल्या.

मग हवा वाहायची थांबली आणि तव्यावरच्या वाफेसारखी सरळ वर उकळायला लागली. "बोट काढ ट्रिगरवरनं. वारा फिरायच्या बेतात आहे." आधी १० मीटरवरचा झेंडा उलटला, मग ३० मीटरवरचा. हवा उजवीकडून डावीकडे वाहू लागली. "मार." या पाच गोळ्या दहाच्या बाजूला गेल्या, डावीकडे वर.

साहेब म्हणाले, "झटका दिला असतास तर वारा फिरल्यावर गोळ्या वर कशाला गेल्या असत्या?"

बॅरलच्या आतले आटे उजवीकडे वळणारे असले की गोळी अशीच जाते: डावीकडून येणारा वारा तिला उजवीकडे किंचित खाली नेतो, उजवीकडून येणारा वारा डावीकडे किंचित वर. सेकंदाला २ मीटरचा आडवा वारा पॉइंट टू-टूच्या गोळीला ५० मीटरवर साधारण १ सेंटीमीटर ढकलतो आणि टारगेटवरची दोन वर्तुळं ८ मिलिमीटर अंतरावर असतात. म्हणजे एक गुण गेलाच. दर गोळीमागे साईटचे क्लिक फिरवत बसू नकोस. एक वारा निवड, त्याला साईट लाव आणि तोच वारा परत येईपर्यंत थांब. झेंड्यांत जवळचा आधी बघ. सुरुवातीला वळलेली गोळी पुढे वळतच जाते.

वहीत प्रत्येक शॉटसमोर झेंड्याची दिशा लिही आणि ते पान सरांसमोर ठेव. मला तेव्हा हे सुचलं नाही, नुसती रडून घरी आले.

मात्र दोन्ही वाऱ्यांत गोळ्या खालीच गेल्या, तर सरांचं बरोबर आहे. आणि ढगाळ दिवशी मिराज जवळपास दिसतच नाही, तेव्हा झेंड्यांवरच भागवावं लागतं. स्कोप सध्या रेंजवरचाच वापर.