नुसतं ‘हे करून द्या’ आलं तर

विद्यार्थ्याने फाईल टाकून एवढंच लिहिलं असेल, तर आधी गुण, मुदत आणि ‘हे काम माझे स्वतःचे आहे’ असं प्रतिज्ञापत्र आहे का ते बघ. गुण मिळणार असतील तर उत्तर लिहून देऊ नकोस, शिकव. सरावाचा प्रश्न असेल तर पूर्ण सोडवून दाखवायला हरकत नाही. कळत नसेल तर सरळ विचार: ‘हे जमा करायचंय का? कुठे अडलंय?’

समजा, घटत्या शिल्लक पद्धतीने, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर, घसारा काढायचाय. त्याचे आकडे सोडून दुसरे घे: यंत्र ८०,००० रुपयांचं, दर १५ टक्के. पहिल्या वर्षी १२,०००. दुसरं वर्ष त्याला काढू दे. पुन्हा १२,००० आले तर तो मूळ किमतीवरच काढतोय; उरलेल्या ६८,००० वर १०,२०० यायला हवेत. चूक नेमकी सापडली की त्याचं गणित त्यालाच करू दे.