सडावर पाय पडला अन् धार बारीक झाली

प्रश्न : "जर्सी क्रॉस गाय, दुसरं वेत, व्यायला 20 दिवस झाले. चार दिवसांपूर्वी शेजारच्या गायीनं तिच्या मागच्या उजव्या सडावर पाय दिला. टोकाला थोडं फाटलं, आता खपली धरली. पण त्या सडातून धार सुईसारखी बारीक येते, तीही वाकडी. गावातले म्हणतात कडुनिंबाची काडी घालून मोकळं कर. घालू का? डॉक्टर लागेल का, ऑपरेशन करावं लागतं का?"

भाऊ, काडी घालू नका. सायकलची तार, झाडूची काडी, पिसाचं देठ, काहीच नको. का, ते पुढं सांगतो. आधी ती खपली बघा.

सडाच्या भोकावरच खपली बसली असेल तर धार बारीक आणि वाकडी येते. आत काहीही बिघडलेलं नसतं. वाटीत कोमट पाणी घ्या, आपल्या मनगटाला सहन होईल इतपतच. चिमूटभर मीठ टाका आणि सड त्यात दहा मिनिटं बुडवून धरा. मग ओल्या कापसानं हलक्या हातानं पुसा. सुटेल तेवढी सुटू द्या, नख लावू नका; ओढून काढली की रक्त येतं आणि दुसऱ्या दिवशी पहिलीपेक्षा जाड खपली बसते. भिजवल्यावर धार सरळ आणि जाड झाली तर दोन वेळा धारेनंतर पोव्हिडोन आयोडीनमध्ये सड बुडवा आणि आठ दिवस त्या सडाला वासरू लावू नका. वासराची जीभ आणि दात जखम भरू देत नाहीत.

खपली निघूनही धार बारीकच राहिली, तर मग हातानं बघायचं. गाय पान्हावली की सड बुडाशी अंगठा आणि बोटात धरा, म्हणजे उतरलेलं दूध परत वर जाणार नाही. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत सडाचं टोक फिरवा, चुन्याची गोळी फिरवतो तसं. बाजूच्या चांगल्या सडालाही तसंच करून बघा, म्हणजे फरक कळेल. सड दुधानं टंच भरलाय, पण शेवटच्या एक सेंटिमीटरमध्ये तुरीच्या दाण्याएवढी कडक गाठ लागते, तर अडथळा टोकाच्या नळीत आहे. यावर इलाज होतो. गाठ हाताखाली वरखाली सरकते, कधी भोकाशी येऊन अडते आणि कधी दूध मोकळं येतं, तर आत रक्ताची गुठळी किंवा मांसाचा छोटा कण सुटा फिरतोय. पण कास वर भरलेली आणि सड मात्र रिकाम्या पिशवीसारखा लोंबतोय, म्हणजे अडथळा वर, सड कासेला मिळतो तिथं आहे. तो प्रकार वाईट. अख्खा सड आतून पेन्सिलीसारखा कडक लागत असेल तर त्याहून वाईट.

तुम्ही सांगताय त्यावरून मला टोकाचाच प्रकार वाटतो. खुराच्या दाबानं टोकाची नळी चेंगरते आणि आतून सुजते. सूज उतरली तर धार परत येते. नाही उतरली तर तिथं नवीन मांस धरतं आणि भोक कायमचं आवळतं. पहिल्या दिवशी थंड पाण्याची धार दहा-दहा मिनिटं चार-पाच वेळा सोडली असती तर सूज कमी झाली असती. आता चौथ्या दिवशी त्याचा फारसा उपयोग नाही.

आता काडीचं. ही नळी जेमतेम एक सेंटिमीटरची. तिच्याभोवती गोल स्नायूची पकड असते आणि आतल्या बाजूला मेणासारखा थर. बाहेरचे जंतू त्या थरात अडकतात आणि धारेबरोबर बाहेर पडतात. काडी घातली की थर खरवडला जातो, गोठ्यातली घाण सरळ कासेत जाते आणि जिथं खरवडलं तिथं पुन्हा मांस धरतं. म्हणजे आज धार आली तरी पंधरा दिवसांनी भोक आणखी बारीक.

हे मी घरची गाय खराब करून शिकलो. आमच्या कपिलीचा सड असाच चेंगरला होता. घरातल्या मोठ्यांनी सांगितलं, "काई नाई होत, काडी घाल अन् मोकळं कर." मी कडुनिंबाची कोवळी काडी धुऊन, खोबरेल तेल लावून घातली. धार आली, मलाही बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो भाग दगडासारखा. हात लावू देईना, ढेपेला तोंड लावेना. काळ्या कापडावर धार मारली तर पिवळसर पाणी आणि दह्यासारख्या गाठी. डॉक्टरांनी आठवडाभर औषधं केली, गाय वाचली, पण तो सड गेला. पुढची सगळी वेतं ती तीन सडांवर दूध द्यायची.

तर डॉक्टर येईपर्यंत एवढं करा. तो सड सगळ्यात शेवटी पिळा. पूर्ण मुठीनं, सावकाश, बारीक धारेला जितका वेळ लागतो तितका द्या. ओढाताण केली तर सूज वाढते. पहिल्या दोन धारा रोज काळ्या कापडावर बघा. गाठी, पाणी किंवा रक्त दिसलं, कास गरम लागली किंवा गाय खात नसली, तर डॉक्टर त्याच दिवशी. धार पूर्ण बंद होऊन कास तटतटली तरी त्याच दिवशी. तेव्हा डॉक्टर निर्जंतुक केलेली बारीक नळी घालून दूध काढतात. ती नळी ठेवून गेले तर दर वेळी वीस मिनिटं उकळा, सडाचं टोक स्पिरिटनं पुसा आणि त्यांनी सांगितलं तितक्याच वेळा वापरा. ही नळीही उगाच वापरली तर काडीचीच बहीण आहे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून कुणी येत नसेल तर 1962 वर फोन करा, फिरत्या पथकाची गाडी मिळते.

ऑपरेशनचं म्हणाल तर लगेच लागेलच असं नाही. सूज ताजी असताना आत पातं घातलं तर आणखी मांस धरतं, म्हणून डॉक्टर बहुतेक आठ-दहा दिवस सुजेचं औषध देऊन थांबतात. त्यानंतरही गाठ आणि बारीक धार तशीच राहिली तर मात्र उघडावं लागतं. ते काम डॉक्टरांचंच. गायीला गुंगीचं इंजेक्शन देतात, सडाच्या बुडाशी गोल फिरवून बधिरीचं औषध टोचतात, मग बुडाशी रबर आवळून बारीक पातं नळीत घालतात आणि बाहेर ओढताना आतल्या आत तीन-चार बाजूंनी थोडं-थोडं कापतात. गाठ सुटी असेल तर ती वेगळ्या अवजारानं ओढून काढतात. खरं कसब किती कापायचं यात आहे. कमी कापलं तर भोक परत आवळतं, जास्त कापलं तर गोल स्नायूची पकड जाते आणि सड दिवसभर गळत राहतो. गळका सड म्हणजे काससुजीला दार उघडं. म्हणून "एकदाच मोठं करून टाका डॉक्टर" असा आग्रह धरू नका.

माझ्या दुसऱ्या गायीचं, तांबडीचं, असंच केलं. काम अर्ध्या तासात झालं, खरी मेहनत पुढं होती. कापलेल्या कडा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून पहिला दिवस दर दोन तासांनी चार-पाच धारा काढायच्या होत्या, रात्रीसुद्धा. मी मोबाईलवर गजर लावून गोठ्यात जात होतो. दुसऱ्या दिवसापासून चार-चार तासांनी. पाच दिवस कासेत प्रतिजैविकाची ट्यूब. त्या दिवसांत आणि पुढं ट्यूबच्या पाकिटावर लिहिलेली दूध न वापरण्याची मुदत संपेपर्यंत चारही सडांचं दूध डेअरीला दिलं नाही. फक्त त्या सडाचं वेगळं काढून भागत नाही, औषध रक्तातून बाकीच्या सडांतही उतरतं. बाराव्या दिवशी धार सरळ बादलीत पडली. गाय दुधावर असतानाच हे केलेलं बरं, कारण रोजची धारच नळी मोकळी ठेवते.

अडथळा वरच्या बाजूला असेल किंवा अख्खा सड कडक झाला असेल तर कापूनही सहसा टिकत नाही. तेव्हा डॉक्टर तो सड आटवायला सांगतात, आणि ते ऐकावं. हट्टच करायचा असेल तर आधी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या संस्थेत दाखवा.

तुम्ही "थोडं फाटलं" म्हणालात, म्हणून एक शेवटचं बघा. धार काढताना जखमेतून दूध झिरपतं का? झिरपत नसेल तर वरचीच कातडी आहे, ती भरेल. झिरपत असेल तर सड आरपार फाटलाय. अशी जखम ताजी असताना, शक्यतो बारा तासांच्या आत, आतलं अस्तर, मधला स्नायू आणि वरची कातडी असे तीन थर वेगवेगळे शिवावे लागतात. आमच्याकडं धुऱ्यावरच्या काटेरी तारेत असे सड नेहमी फाटतात. तेव्हा स्वच्छ कापडानं दाबून रक्त थांबवायचं, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं धुवायचं, ओल्या स्वच्छ कापडानं सैल झाकायचं आणि फोन करायचा. हळद, चुना, राख, रॉकेल काही नाही. लोंबणारी कातडी कापू नका, शिवायला तीच लागते. वरून जोडलेली कातडी बहुतेक जगते, कारण सडाला रक्त वरून खाली येतं. खालून जोडलेली वाळून जाते. धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्या. चार दिवस जुनी, सुजलेली जखम मात्र आता शिवली तर टाके सुटतात. ती भरू द्यायची, आणि भोक राहिलंच तर गाय आटल्यावर ते शिवून घ्यायचं.

धार काढणारा अंगठा मुडपून काढतो का, तेही बघा. मुडपलेल्या अंगठ्याच्या हाडानं सड आतून रोज थोडा-थोडा चेंगरतो आणि पाय न पडताही अशा गाठी होतात. तुमच्या गायीला आधीपासून बारीक गाठ असेल आणि खुरानं ती उठली असेल, असंही असू शकतं. उद्या सकाळी सड भिजवून, टोक बोटात फिरवून बघा आणि दाणा कुठं लागतो, सड भरतो की लोंबतो, तेवढं लिहा.