बाबांचे पाय आधी बघ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. बाबांशी झालेलं बोलणं तू शब्द न् शब्द लिहून पाठवलंस हे फार बरं केलंस. बाबा बीपीच्या गोळ्या चुकवतात या तुझ्या तक्रारीपेक्षा मला त्या बोलण्यातूनच जास्त कळलं.

तू विचारलंस, "गोळी घेतली का?" ते म्हणाले, "घेतली." तू म्हणालीस, "मग पाकिटात सात कशा उरल्या?" तेव्हा त्यांचा आवाज चढला. "मला काही झालेलं नाही. मध्ये दोन दिवस घेतली नाही, बीपी मोजलं, ठीकच होतं. उलट या गोळ्यांनीच माणूस आजारी पडतो. पाय बघ कसे झालेत." त्यावर तू म्हणालीस, "पायांचं राहू द्या, बीपीचं बोला."

तुला वाटलं, ते विषय बदलताहेत. मला वाटतं, सगळ्या बोलण्यात कामाचं वाक्य पायांचंच होतं आणि तेच तू बाजूला सारलंस.

ते घेतात ती ॲम्लोडिपिन. तीन महिन्यांपूर्वी ५ मिलिग्रॅमची १० झाली आणि घोटे त्यानंतर सुजू लागले, हे तूच पत्राच्या शेवटी लिहिलं आहेस. घोट्यांची सूज हा या गोळीचा सगळ्यांत ओळखीचा दुष्परिणाम आहे आणि डोस वाढला की तोही वाढतो. ही गोळी बारीक रोहिण्या सैल करते, म्हणून रक्तदाब उतरतो. पण रक्त परत नेणाऱ्या नीला तितक्या सैल होत नाहीत. मधल्या केशवाहिन्यांत रक्त जास्त जोराने येतं, पुढे जायची वाट मात्र पूर्वीएवढीच राहते. मग रक्तातलं पाणी आजूबाजूला झिरपतं आणि दिवसभर उभं राहून, बसून ते घोट्यांशी साठतं. म्हणून संध्याकाळी मोज्यांचा वळ उमटतो आणि सकाळी पाय बरे दिसतात. बाबांनी जे पाहिलं ते खरं आहे. ते आधी मान्य कर.

हे मी एवढं ठासून सांगतो, कारण इथे मी स्वतः चुकलो आहे. अशाच सुजेसाठी एका वयस्क गृहस्थांना मी लघवी वाढवणारी गोळी लिहून दिली. सूज फारशी उतरली नाही. शरीरात पाणी जास्त झालेलंच नव्हतं, ते नको त्या जागी गेलं होतं. त्यांना मात्र उठताना चक्कर येऊ लागली आणि एकदा ते न्हाणीघराच्या दारात पडले. त्यांच्या मुलीने मला विचारलं, "डॉक्टर, ही दुसरी गोळी नेमकी कशासाठी?" उत्तर देताना माझ्या लक्षात आलं की ती आजारासाठी नव्हती, पहिल्या गोळीसाठी होती. तो प्रश्न मी आजवर विसरलेलो नाही. बाबांच्या डॉक्टरांनी नवी गोळी सुचवली, तर तूही तो विचार.

आता त्या दोन दिवसांबद्दल. बाबा खोटं बोलले नाहीत, त्यांचा प्रयोग फक्त फार आखूड होता. ॲम्लोडिपिन रक्तातून निम्मी व्हायलाच साधारण ३० ते ५० तास लागतात, उतारवयात आणखी जास्त. म्हणजे गोळी घेतली नाही त्या दोन दिवसांतही आधीच्या गोळ्या काम करत होत्या. दाब त्यानंतर हळूहळू, काही दिवसांत चढतो आणि चढताना बहुधा काहीच जाणवत नाही. हे त्यांना वाद म्हणून सांगू नकोस, माहिती म्हणून सांग. स्वतः मोजून पाहणाऱ्या माणसाला ते पटतं. पण हे सगळ्या गोळ्यांना लागू नाही, हेही सांग. मेटोप्रोलॉलसारखी बीपीची दुसरी गोळी अचानक बंद केली तर नाडी आणि दाब उसळू शकतात, हृदयविकार असेल तर छातीत दुखूही शकतं.

पुन्हा बोलशील तेव्हा गोळ्या मोजून सुरुवात करू नकोस. शेजारी बस आणि म्हण, "बाबा, तुमच्या पायांकडे मी लक्ष दिलं नाही. दाखवा बरं." घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धर, खळगा राहतो का ते दोघांनी बघा. मग विचार, "सगळ्या गोळ्यांतली कुठली सगळ्यांत नकोशी वाटते?" हा प्रश्न विचारला की माणूस "सगळ्याच" म्हणायचं सोडून एका गोळीबद्दल बोलू लागतो, आणि एका गोळीबद्दल काहीतरी करता येतं. "गोळीने काही होत नाही" असं मात्र त्यांना कधी म्हणू नकोस. त्यांचे पाय तुला खोटं ठरवतील. आणि तू लिहिलंस तसं जेवणात कुटून घालायचा विचार तर सोडूनच दे. काही गोळ्या कुटल्या की एकदम विरघळतात आणि डोस अंगावर येतो. ते कळल्यावर बाबा तुझ्या हातचं पाणीही शंकेने पितील, त्याची मला जास्त काळजी वाटते.

काही खुणा असतील, तर मात्र गोळीला दोष देत थांबू नका. एकच पाय सुजला आणि दुखतो आहे, चालताना किंवा आडवं पडल्यावर धाप लागते, चेहरा किंवा पोट सुजतं, चार दिवसांत वजन दोन किलोने वाढलं: यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तशी सूज हृदय, मूत्रपिंड, यकृत यांची किंवा शिरेतल्या गुठळीची असू शकते.

तसं काही नसेल तर आज डॉक्टरांना फोन कर, मधल्या मधल्या गोळ्या चुकल्यात हे न लपवता सांग आणि आठवडाभराने भेटायची वेळ घे. ते न सांगता गेलात, तर वाढलेला आकडा पाहून ते आणखी एक गोळी वाढवतील. तोवर गोळी कशी घ्यायची तेही त्यांनाच विचार. त्या आठवड्यात सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी दाब मोजा: पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा वर असेल, तर दाब अजून जास्तच आहे. एकदोनदा उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आतही मोजा. वरचा आकडा २० किंवा अधिक घसरला तर ते वेगळं लिहून ठेवा. वही बाबांच्या हातात दे, आकडे त्यांनीच लिहू देत. शेजारी पायांबद्दल त्यांच्या शब्दांत एक ओळ.

डॉक्टरांकडे मार्ग आहेत. डोस पुन्हा ५ वर आणता येतो, सोबत टेल्मिसार्टनसारखं औषध देता येतं. ते नीलाही सैल करतं, त्यामुळे दाबाबरोबर सूजही कमी होऊ शकते. नाहीतर ॲम्लोडिपिन पूर्ण बदलता येते. टेल्मिसार्टन सुरू केलं तर एकदोन आठवड्यांनी रक्तातलं पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासावं लागतं. हे बाबांना आधीच सांग, म्हणजे सुई टोचताना नवी फसवणूक झाल्यासारखं वाटणार नाही. सूज लगेच जाणार नाही, तिला काही आठवडे लागू शकतात, हेही आधीच सांग. आणि तपासणीच्या खोलीत प्रश्न त्यांना विचारू दे. तू शेजारच्या खुर्चीत बस.

आठवड्याची वही भरली की मला कळव. आकड्यांबरोबर त्यांनी लिहिलेल्या ओळीही पाठव.

तुझे,
डॉक्टरकाका