पिच डेकचा एक पानी सारांश: चौथा रकाना कापू नका

प्रश्न: मी नुकताच एका एंजल इन्व्हेस्टरकडे कामाला लागलोय. स्टार्टअपच्या पिच डेकचा एका पानात सारांश मागतात: प्रॉब्लेम, ट्रॅक्शन, किती पैसे हवेत आणि कुठल्या दाव्यांना आधार नाही. कसा लिहावा? एखादा फॉरमॅट आहे का?

फॉरमॅट तुम्हीच लिहिलाय की! चार रकाने, एक पान. त्यातला चौथा रकाना तुमच्याकडे निदान मागतात तरी. माझ्या पहिल्या नोकरीत तो कापला गेला होता आणि त्यावरून झालेलं भांडण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून हे लांबणार आहे.

पुण्यात पंधरा-वीस गुंतवणूकदारांच्या एका गटासाठी मी डेक वाचायचो. फेब्रुवारीत एक डेक आला. गावातल्या दूध संकलन केंद्रावर जो बल्क कूलर असतो, त्याला एक सेन्सरचा डबा लावायचा. वीज गेली, तापमान चढलं की संस्थेच्या सचिवाच्या फोनवर मेसेज. भाडं महिन्याला 1,500 रुपये.

प्रॉब्लेमच्या स्लाइडवर डोक्यावर पदर घेतलेल्या शेतकरी बाईंचा फोटो आणि ‘शेतकऱ्याचं नुकसान’. पण टँकर डेअरीवर गेल्यावर आंबट म्हणून दूध परत आलं, तर पहिला फटका संस्थेला बसतो, आणि डब्याचं भाडंही संस्थाच भरणार. म्हणून प्रॉब्लेम लिहिताना मी एवढंच बघतो की दुखतंय कोणाला आणि पैसे कोण देणार. दोन वाक्यं. बाजारपेठ किती हजार कोटींची आहे ते इथे लिहायचं नाही, तो प्रॉब्लेम नव्हे.

खरी मेहनत ट्रॅक्शनला लागते. स्लाइडवर सरळ वर चढणारा आलेख होता, ऑगस्ट ते जानेवारी: 40, 90, 150, 190, 215, 230 केंद्रं. खाली ठळक अक्षरात ‘एआरआर 41.4 लाख’, म्हणजे दर वर्षी नियमित येणारं उत्पन्न. आता हा आलेख एकूण बेरजेचा आहे. तो कधी खाली येणारच नाही, धंदा बंद पडला तरी सपाट राहील. म्हणून आधी वजाबाकी करा. दर महिन्याला नवी केंद्रं किती? 40, 50, 60, मग 40, 25, 15. चढता आलेख तिथल्या तिथे उतरता झाला.

मग 41.4 लाख आले कुठून ते शोधलं. 230 गुणिले 1,500, गुणिले बारा. म्हणजे हा जमा झालेला पैसा नव्हता, गुणाकार होता. अगदी शेवटच्या स्लाइडवर, बारीक टायपात, जानेवारीचं प्रत्यक्ष उत्पन्न होतं 1.26 लाख. त्याला 1,500 ने भागा. 84 येतात. डब्यांची केंद्रं 230, पैसे देणारी 84. डेकमध्ये हे दोन आकडे शेजारी कधीच ठेवत नाहीत, ते तुम्हाला ठेवायचे असतात. सारांशाचं काम म्हणजे मुख्यतः हेच. नाहीतर स्लाइडची मथळ्यासकट नक्कल कोणीही करील.

मागणी होती 3 कोटी, ‘20 कोटी व्हॅल्युएशनला’. प्री-मनी की पोस्ट-मनी, म्हणजे हे 3 कोटी येण्याआधीची किंमत की आल्यानंतरची, लिहिलेलं नाही. 20 कोटी पोस्ट असेल तर 3 कोटींना 15 टक्के मिळतात, प्री असेल तर साधारण 13. पंचवीस लाखांच्या चेकला हाच फरक सव्वा टक्का आणि 1.09 टक्के असा पडतो. आणि पैसे 18 महिने पुरतील म्हणे, पण त्यांच्याच खर्चाच्या तक्त्यात भरती झाल्यावर महिन्याला 24 लाख जाणार होते. तीनशे भागिले चोवीस, साडेबारा महिने. आताचं उत्पन्न धरलं तरी तेरा.

चौथ्या रकान्यात मी 230 विरुद्ध 84 टाकलं आणि आणखी एक. डेक म्हणत होता, ‘दूध नासण्याचं प्रमाण 40 टक्क्यांनी घटलं’. तळटीप वाचली तर सहा केंद्रं, ‘आधी’ म्हणजे एप्रिल-मे आणि ‘नंतर’ म्हणजे डिसेंबर-जानेवारी. अहो, थंडीत दूध तसंही कमी नासतं! डब्याऐवजी कूलरला लिंबू-मिरची बांधली असती तरी आकडा खाली आला असता.

आमच्या वरिष्ठांनी कागद वाचला आणि चौथा रकाना सरळ उडवला. ‘सारांश म्हणजे डेकमध्ये काय आहे ते. तपासणी नंतर. आपण स्टार्टअपची बदनामी करायला बसलेलो नाही.’ गुंतवणूकदारांकडे तीनच रकाने गेले, 230 आणि 41.4 लाखांसह.

मीटिंगला एक निवृत्त सीए होते. त्यांनी डेक आधीच चाळला होता. आमच्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने भागाकार केला आणि फाउंडरला विचारलं, ‘चौऱ्याऐंशीच ना?’ पोरगा गडबडला. ‘नाही सर, म्हणजे हो, पण...’ पुढची वीस मिनिटं कोणी ऐकलंच नाही. नकार गेला.

महिन्याभराने तोच फाउंडर मला डेक्कनला चहाला भेटला आणि म्हणाला, पहिले तीन महिने डबा फुकट असतो. म्हणजे जानेवारीचं भाडं फक्त सप्टेंबर अखेरपर्यंत बसवलेल्यांकडून येणार. ती किती? 90. त्यातली 84 पैसे देत होती! नवी केंद्रं घटली कारण डबे बनवायला हातात पैसा नव्हता. 230 पेक्षा ‘नव्वदातली चौऱ्याऐंशी’ ही कितीतरी दमदार गोष्ट होती आणि ती डेकमध्ये कुठेच नव्हती. माझा रकाना तसाच गेला असता, मीटिंगच्या दोन दिवस आधी त्याला एक फोन झाला असता, तर तो हेच घेऊन आला असता. तेव्हा चौथा रकाना बदनामी नसतो साहेब, वाचत असाल तर.

आता हेही सांगायला हवं, कारण अर्धी चूक माझी होती. मी त्या रकान्यात ‘230 हा आकडा फुगवलेला आहे’ असं लिहिलं होतं. फुगवलेला की अर्धवट सांगितलेला हे मला डेकवरून कळूच शकत नव्हतं. तेवढ्यापुरतं वरिष्ठांचं चिडणं रास्त होतं, पण मग वाक्य बदलायचं होतं, रकाना नाही. आज मी असं लिहितो: ‘स्लाइड 7 वर 230 केंद्रं, स्लाइड 14 च्या उत्पन्नावरून पैसे देणारी 84. उरलेली 146 फुकट आहेत, थकलेली आहेत की सोडून गेली? महिनावार बिलं मागवावीत.’ दावा, तो कुठल्या स्लाइडवर आहे, काय जुळत नाही आणि कुठला कागद मागवला की उलगडा होईल. विशेषण नाही. आणि जिथे डेक गप्प आहे तिथे ‘डेकमध्ये नाही’ लिहा, अंदाजाने भरू नका.

अगदी सुरुवातीच्या डेकला, जिथे अजून ग्राहकच नाही, यातलं बरंचसं लागू नाही. तिथे ट्रॅक्शनचा रकाना दोन ओळींत संपतो, संपू द्या.

थंडी-उन्हाळ्याचं मात्र मी चहावर त्याला विचारलं होतं. तो जरा वेळ कपाकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘ती स्लाइड डिझायनरने केली होती.’